सणाची तिथी आणि पेपराची तारीख : एका नकाराचा प्रतिवाद

परीक्षेचा एखादा पेपर मोठ्या सणाच्या मुख्य दिवशी आला असता त्याची तारीख बदलून मिळावी, अशी दरखास्त एखाद्या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या परीक्षा नियंत्रकांकडे केली, तर तिला विरोध करणारी एक विचारसरणी सुशिक्षितांच्या बैठकींतून आणि परीक्षा विभागांच्या दफ्तरांतून सारख्याच आत्मविश्वासाने बोलून दाखविली जाते. ती अशी : विद्यापीठाला धर्म नाही, सबब त्याच्या वेळापत्रकालाही सण नाही, आज एका समाजाची विनंती मान्य केली तर उद्या दहा समाजांच्या विनंत्या येतील आणि परीक्षा घेणेच अशक्य होईल, परीक्षेचे यंत्र इतके अवजड आहे की एक तारीख हलविली तर सारी रचना विस्कळीत होईल, आणि ज्याला विद्येची खरी आस्था आहे त्याने एक दिवस सण बाजूला ठेवण्यास तयार असले पाहिजे. हे आक्षेप घेणारी माणसे बहुधा प्रामाणिक असतात, परीक्षेचे पावित्र्य राखण्याची त्यांची तळमळही खरी असते, आणि म्हणूनच त्यांना तोंडदेखले उत्तर न देता सविस्तर उत्तर देणे अगत्याचे आहे. माझे म्हणणे इतकेच की, अशा अर्जाचा निकाल सणाच्या थोरवीवर किंवा तो पाळणाऱ्यांच्या संख्याबळावर लागता कामा नये; अर्जदाराने आपली अडचण वेळेवर कळविली आहे काय, त्या दिवशीचे कर्तव्य दुसऱ्या दिवशी करता येण्यासारखे नाही हे खरे काय, आणि नवी तारीख दिल्याने दुसऱ्या कोणाचे नुकसान होते काय, या तीन प्रश्नांवर तो लागला पाहिजे; आणि तिन्ही उत्तरे अर्जदाराच्या बाजूची असतील तर अर्ज मान्य करणे ही मेहेरबानी नसून विद्यापीठाचे कर्तव्य ठरते.

हा वाद हवेत राहू नये म्हणून एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवतो. तो कल्पिलेला आहे, परंतु त्यातील तिथी, नक्षत्रे आणि स्थळे खरी आहेत, आणि कर्जत-खालापूरच्या अंतर्भागात वावरणाऱ्या कोणालाही तो अपरिचित वाटणार नाही. कर्जत तालुक्यातील कशेळ्याच्या पलीकडच्या एका गावात मागील हिवाळ्यात लग्न होऊन आलेली एक मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाचा राहिलेला एक विषय पुरवणी परीक्षेत देणार आहे. तिचे परीक्षाकेंद्र खोपोलीस आहे. आणि तिचा पेपर १ सप्टेंबर २०२५ या सोमवारी दुपारी ठेवलेला आहे. त्या दिवशी ज्येष्ठा गौरीचे पूजन आहे. शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत गणेश चतुर्थी आहे, गौरीपूजन नाही. त्यामुळे वेळापत्रक तयार करणाऱ्या कारकुनाने ती यादी समोर ठेवून २७ ऑगस्टची चतुर्थी वगळली आणि त्यानंतरचा पहिला सोमवार मोकळा समजून भरला, तर नियमाच्या भाषेत त्याच्याकडून काहीही चूक झालेली नसते.

आता त्याच सोमवारी त्या घरात काय असते ते पाहावे. आमच्या मुलखात गौर बहुधा डोंगरउतारावरून किंवा पाणवठ्यावरून आणलेल्या तेरड्याच्या रोपांची असते; चंद्र अनुराधा नक्षत्रात असताना ती घरी आणायची, ज्येष्ठा नक्षत्रात पूजायची आणि मूळ नक्षत्रात बोळवायची, असा तिचा क्रम आहे, आणि नक्षत्रांशी बांधलेला असल्यामुळे तो कोणाच्याही सोयीने एक दिवस मागे किंवा पुढे सरकत नाही. त्यातही नव्या सुनेचा म्हणून एक विधी आहे : ओवसा. सुपांत फळे, फुले, पाने, सुकामेवा, खण असे साहित्य मांडून ती सुपे तिने गौरीपुढे ओवसायची, आणि मग घरातील व भावकीतील वडीलधाऱ्यांना देऊन त्यांचा आशीर्वाद घ्यायचा. कोकणात जेथे जेथे ही रीत कसोशीने पाळतात तेथे तिला आणखी एक अट आहे. गौर पूर्वा नक्षत्रात, म्हणजे सूर्य पूर्वा नक्षत्रात असताना आली, तरच नवीन सुनेचा पहिला ओवसा होतो. सूर्य या नक्षत्रात साधारणपणे ३० ऑगस्टपासून १३ सप्टेंबरपर्यंत असतो. २०२५ साली गौरीपूजन १ सप्टेंबरला असल्यामुळे ते या मुदतीत बसते. २०२६ मध्ये गणेश चतुर्थीच १४ सप्टेंबरला असल्याने गौर त्यानंतर येणार आणि पूर्वा निघून गेलेली असणार. २०२७ मध्ये चतुर्थी ४ सप्टेंबरला असल्यामुळे पुन्हा योग येतो. म्हणजे ज्या मुलीचा ओवसा २०२५ मध्ये चुकला तिला तो दोन वर्षे थांबून करावा लागेल. आणि त्या दोन वर्षांत सासरच्या माणसांकडून तिला काय काय ऐकावे लागेल याचा तपशील सांगण्याची गरज नाही.

वरील हकीकत मी विधीची महती पटविण्यासाठी सांगितलेली नाही. ज्याला ओवशात श्रद्धा नाही त्याने ती बाळगावी असा माझा आग्रह नाही. ती सांगण्याचे कारण असे की, ‘सण दरवर्षी येतो, परीक्षा आयुष्यात एकदाच येते’ हा जो युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, तो येथे वस्तुस्थितीच्या कसोटीवर उतरत नाही. पुरवणी परीक्षा पुढच्या सत्रात पुन्हा होते; हा विधी मात्र पुढच्या वर्षी होत नाही. शिवाय परीक्षा विभागाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, ही तारीख कोणासही अनपेक्षित नव्हती. चंद्रदर्शनावर अवलंबून असणाऱ्या सणाची तारीख एक दिवसाने बदलू शकते; गौरीची तशी स्थिती नाही. तिचे गणित पंचांगात आगाऊ छापलेले असते. २०२३ मध्ये पूजन २२ सप्टेंबरला होते, २०२४ मध्ये ११ सप्टेंबरला, २०२५ मध्ये १ सप्टेंबरला. दिवस बदलत राहिले, परंतु त्यांपैकी प्रत्येक दिवस वेळापत्रक निघण्याच्या कितीतरी आधी ज्ञात होता.

आता पहिला आक्षेप घेऊ. विद्यापीठाला धर्म नाही हे तत्त्व मला शिरोधार्य आहे, आणि ते तसेच राहावे असे मला वाटते. परंतु वेळापत्रकाला सण नाही हे विधान त्या तत्त्वातून निष्पन्न होत नाही, कारण ते मुळात खरेच नाही. साप्ताहिक सुट्टी रविवारी असावी हे कोणत्याही धर्मनिरपेक्ष गणिताने ठरलेले नाही. दिवाळीची सुट्टी दिवाळीतच येते. चतुर्थी, ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा हे दिवस शासनाच्या यादीत आहेत म्हणून त्या दिवशी पेपर ठेवले जात नाहीत. म्हणजे वेळापत्रक सणांना मान देतेच. फक्त कोणत्या सणाला द्यायचा हे मंत्रालयात तयार झालेल्या एका यादीवर सोपविलेले असते. ती यादी संपूर्ण राज्यासाठी एकच असल्यामुळे तिच्यात एखाद्या टापूतील विशिष्ट आचार येणार नाही हे स्वाभाविक आहे, आणि तो यादीत नाही म्हणून मी शासनाला दोष देत नाही. परंतु यादीत जे नाही ते अस्तित्वातच नाही, असे मानणे म्हणजे निःपक्षपात नव्हे. तो यादी करणाऱ्याच्या दृष्टीचा पक्षपात होय, आणि तो करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही म्हणून तो अधिक टिकून राहतो.

याच संदर्भात ईद-ए-मिलादच्या सुट्टीचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. २०२५ मध्ये ईद-ए-मिलाद शुक्रवार, ५ सप्टेंबरला होती आणि लगेच दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मिरवणुका एकमेकींवर येऊ नयेत यासाठी शासनाने मुंबई शहर व मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती सुट्टी सोमवार, ८ सप्टेंबरला नेली. इतर जिल्ह्यांत ती ५ तारखेलाच राहिली. आता मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र पाहा : मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे. फोर्टमध्ये ज्या दिवशी सुट्टी होती त्या दिवशी नेरळमध्ये नव्हती, आणि नेरळमध्ये ज्या दिवशी होती त्या दिवशी फोर्टमध्ये नव्हती. अशा विद्यापीठाचे वेळापत्रक मुंबईच्या सुट्ट्या पाहून तयार झाले तर नेरळ-खोपोलीच्या मुसलमान विद्यार्थ्याला आपल्या सणाच्या दिवशी केंद्रावर बसावे लागेल, आणि ते कोणाच्याही दुष्ट हेतूशिवाय घडेल. गौरीच्या दिवशी कर्जतच्या मुलीवर जो प्रसंग येतो तोच येथे नेरळच्या मुलावर येतो. म्हणून या प्रश्नाला बहुसंख्य व अल्पसंख्य यांच्या तराजूत घालणे चुकीचे आहे; तो केंद्रस्थानी बसून वेळापत्रक आखणारा आणि दूर तालुक्यातून परीक्षेला येणारा, यांच्यामधील अंतराचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप असा की, एकदा दार उघडले की ते बंद करता येणार नाही. या भयाला उत्तर देणारा एक न्यायनिर्णय जवळजवळ अर्धशतकापूर्वी युरोपात झाला आहे, आणि तो अर्जदाराच्या विरुद्ध गेलेला असूनही मी तो मुद्दाम पुढे करतो. व्हिव्हियन प्रेस नावाच्या ब्रिटिश ज्यू बाईंनी युरोपीय समुदायांच्या परिषदेत अनुवादकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. लेखी परीक्षा १६ मे १९७५ ही ठरली. तो शावुओत या ज्यू सणाचा दिवस होता. त्या दिवशी प्रवास करणे आणि लिहिणे दोन्ही त्यांच्या धर्मात वर्ज्य. अर्ज भरताना त्यांनी ही अडचण कळविली नव्हती. तारखेची सूचना हाती आल्यावर एप्रिलच्या अखेरीस त्यांनी पत्र लिहून दुसरी तारीख मागितली, आणि सर्व उमेदवारांची परीक्षा एकाच दिवशी, एकाच प्रश्नपत्रिकेवर झाली पाहिजे, तसेच इतरांना बोलावणी गेलेली आहेत, असे सांगून परिषदेने नकार दिला. युरोपीय न्यायालयाने २७ ऑक्टोबर १९७६ रोजी बाईंचा दावा फेटाळला. परंतु फेटाळताना त्याने जो दंडक घालून दिला तो असा की, धार्मिक कारणाने अमुक दिवशी येणे अशक्य आहे हे उमेदवाराने वेळेवर कळविले असेल, तर परीक्षा घेणाऱ्या सत्तेने ते ध्यानात घेऊन तशी तारीख टाळण्याचा प्रयत्न केला पाहिजे. वेळेवर कळविले नसेल, आणि विशेषतः इतर उमेदवारांना बोलावून झालेले असेल, तर तारीख बदलण्याचे बंधन त्या सत्तेवर नाही.

हा दंडक भारतीय विद्यापीठांना बंधनकारक नाही हे उघडच आहे. त्याचे महत्त्व त्यातील विवेकात आहे. तो कोणत्या धर्माचा सण मोठा हे ठरवीत नाही, किती उमेदवार त्या धर्माचे आहेत हे मोजत नाही, आणि तरीही दार सताड उघडे टाकीत नाही. कारण त्याने दाराला मुदतीची चौकट घातलेली आहे. हजारो विद्यार्थी हजारो सण घेऊन येतील ही भीती मुदत नसलेल्या व्यवस्थेत खरी ठरते. वेळापत्रकाचा कच्चा मसुदा आधी प्रसिद्ध करून त्यावर पंधरा दिवसांत लेखी हरकती मागविल्या, आणि प्रत्येक हरकतीसोबत तिथीचा पुरावा व अनुपस्थितीची अपरिहार्यता मागितली, तर पोकळ हरकती आपोआप गळून पडतील. ज्याला केवळ अभ्यासाला चार दिवस जास्त हवे आहेत तो दोन महिने आधी पंचांगाचे पान जोडून अर्ज करीत बसत नाही.

तिसरा आक्षेप यंत्राच्या अवजडपणाचा आहे, आणि चार आक्षेपांपैकी हाच मला सर्वांत वजनदार वाटतो. म्हणून त्याचे जे खरे आहे ते आधी मान्य करतो. तारीख बदलणे म्हणजे कागदावर एक आकडा खोडून दुसरा लिहिणे नव्हे. तोच पेपर एकाहून अधिक अभ्यासक्रमांना सामायिक असू शकतो. जुन्या सत्राचा विषय राहिलेल्या विद्यार्थ्याला नव्या तारखेला दोन पेपर एकदम येऊ शकतात. नवी तारीख रविवारी ठेवली तर त्या दिवशी त्याच महाविद्यालयाच्या इमारतीत एखादी स्पर्धा परीक्षा असू शकते. आणि निकालाची मुदत तर डोक्यावर उभीच असते, कारण महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत, आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत, निकाल लावण्याचे दायित्व विद्यापीठावर आहे. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु त्या अडचणी आहेत, असंभव नव्हे. आणि त्यांतील एक मोठी अडचण, जी या आक्षेपाचा पूर्वीचा आधारस्तंभ होती, ती आता उरलेली नाही. प्रश्नपत्रिका छापून, मोहोरबंद पाकिटांतून केंद्रोकेंद्री पोचविल्या जात होत्या तेव्हा पाकीट एकदा निघाले की तारीख बदलणे जिकिरीचे होते. मुंबई विद्यापीठात आता प्रश्नपत्रिका परीक्षेच्या आधी थोडा वेळ संगणकावरून केंद्रावर उतरविल्या जातात आणि तेथेच त्यांच्या प्रती काढल्या जातात. पाकिटेच निघत नाहीत, तर ती परत बोलावण्याचा प्रश्न कोठून येणार?

अनुभवही तेच सांगतो. सनदी लेखापालांच्या संस्थेने १४ जानेवारी २०२५ रोजी ठेवलेला फाउंडेशन परीक्षेचा पेपर मकरसंक्रांत, पोंगल, बिहू हे सण लक्षात घेऊन १६ जानेवारीला नेला, आणि त्या परीक्षेच्या प्रतिष्ठेला कोणताही बाध आला नाही. राष्ट्रीय परीक्षा संस्थेनेही पोंगल-संक्रांतीच्या कारणाने १५ जानेवारी २०२५ ची प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा पुढे ढकलली. परंतु तो निर्णय १३ जानेवारीला जाहीर झाला. दूरच्या केंद्राला जाण्यासाठी ज्यांनी गाडीची तिकिटे काढली होती, ज्यांनी नोकरीवरून रजा घेतली होती, त्यांची त्यामुळे किती धावपळ झाली असेल हे सांगावयास नको. निर्णय योग्य, वेळ अयोग्य. यांत्रिक अडचणीचा आक्षेप घेणारे अशाच उदाहरणाकडे बोट दाखवून म्हणतात की पाहा, तारीख बदलली की गोंधळ होतो. परंतु तेथे गोंधळ बदलामुळे झाला नाही, विलंबामुळे झाला. तीच विनंती दोन महिने आधी विचारात घेतली गेली असती तर ती तारीख वेळापत्रकात मुळातच आली नसती.

आणि समजा, वेळ खरोखरच उरलेली नाही, सर्वांसाठी तारीख बदलणे इतरांना अन्यायकारक होईल. तर मधला मार्गही आहे, आणि तो केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये दाखवून दिला आहे. बारावीचा हिंदीचा पेपर १५ मार्चला होता आणि देशाच्या काही भागांत होळीचा उत्सव त्या दिवशीही चालू राहणार होता. मंडळाने पेपर हलविला नाही. त्या दिवशी येणे ज्यांना अवघड आहे ते न आले तरी चालेल, आणि राष्ट्रीय पातळीवरील क्रीडास्पर्धांत गुंतलेल्या विद्यार्थ्यांसाठी जी वेगळी परीक्षा होते तिच्याबरोबर त्यांची परीक्षा घेतली जाईल, अशी मुभा त्याने दिली. लाखो विद्यार्थ्यांची तारीख कायम राहिली आणि अडचणीत आलेल्यांचेही वर्ष वाचले. खेळाडूसाठी जी सवलत कोणालाही खटकत नाही ती सुनेसाठी किंवा रोजेदारासाठी दिली की तत्त्वाचा भंग कसा होतो, याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

आता अर्जदाराच्या बाजूकडे वळतो, कारण वरील सर्व युक्तिवाद चांगल्या अर्जाशिवाय निष्फळ आहेत, आणि आमच्या तालुक्यांतून जाणारे पुष्कळ अर्ज चांगले नसतात हे मान्य केले पाहिजे. पहिली चूक पत्त्याची होते. मुंबई विद्यापीठाच्या पारंपरिक पदवी अभ्यासक्रमांत पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा महाविद्यालये विद्यापीठाच्या वतीने स्वतः घेतात. तेव्हा त्या सत्रांचा पेपर सणावर आला असेल तर नियंत्रकांकडे लिहिलेले पत्र योग्य हाती पडणारच नाही, ते प्राचार्यांकडेच गेले पाहिजे. अंतिम वर्षाच्या परीक्षा विद्यापीठ घेते. तेव्हा अर्ज मुंबईस पाठवावा, पण प्राचार्यांच्या शिफारशीसह, महाविद्यालयामार्फत. ‘परीक्षा नियंत्रक’ हे नाव १९९४ च्या अधिनियमापासून सर्वांच्या तोंडी बसलेले असले, तरी २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे ते अधिकारपद आता परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांचे आहे. म्हणून पत्त्यात तेच लिहावे, म्हणजे अर्ज टेबलामागून टेबल फिरत राहणार नाही.

दुसरी चूक मजकुराची. बहुतेक अर्जांत सणाचे माहात्म्य दोन परिच्छेद असते आणि विषयाचे नाव, सत्र, पेपराचा संकेतांक, वेळ, केंद्र यांपैकी निम्म्या गोष्टी नसतात. सणाचे माहात्म्य वाचून अधिकारी निर्णय घेऊ शकत नाही. त्याला हवी असते ती पडताळून पाहता येणारी माहिती. आमच्या कल्पित मुलीचा अर्ज मी असा लिहून देईन : परीक्षेचे नाव, सत्र, विषय व संकेतांक, दिनांक १ सप्टेंबर २०२५, दुपारचे सत्र, केंद्र खोपोली, त्याच दिवशी ज्येष्ठा गौरीपूजन असल्याबद्दल पंचांगाच्या पानाची प्रत, त्या दिवशीचा विधी नक्षत्राशी बांधलेला असल्याने अन्य दिवशी करता येत नाही, आणि पूर्वा नक्षत्राचा योग पुढील वर्षी नाही, हे दोन वाक्यांत, गाव ते केंद्र हा प्रवास कर्जतपर्यंत रस्त्याने आणि तेथून खोपोलीच्या गाडीने करावा लागत असल्यामुळे पूजा आणि पेपर दोन्ही एका दिवशी होणे शक्य नाही, हे एका वाक्यात, आणि शेवटी, ज्यावर सारे अवलंबून असते तो भाग, दोन पर्यायी तारखा. त्या तारखा सुचविण्यापूर्वी तिने आपल्याच परीक्षेचे संपूर्ण वेळापत्रक ताडून पाहिलेले असावे, त्या दिवशी दुसऱ्या सत्राच्या विद्यार्थ्यांचा पेपर नाही याची खात्री केलेली असावी, आणि तसे अर्जात नमूद करावे. सर्वांसाठी तारीख बदलणे शक्य नसल्यास स्वतंत्र किंवा पुनर्परीक्षेत बसण्याची मुभा द्यावी, अशी पर्यायी विनंतीही त्याच अर्जात असावी, म्हणजे नकार दिला तरी तो सर्वांगीण नकार होणार नाही. त्याच अडचणीतील इतर विद्यार्थ्यांच्या सह्या व बैठक क्रमांक जोडावेत. परंतु शंभर सह्या मिळविण्याच्या नादात महिना घालवू नये, कारण वेळेवर गेलेल्या एका अर्जाचे वजन उशिरा गेलेल्या शंभर सह्यांपेक्षा अधिक असते. अर्जाची आवक क्रमांकासह पोच घ्यावी, कारण पुढे दाद मागण्याची वेळ आली तर ‘वेळेवर कळविले’ हे सिद्ध करणारा तोच एक कागद असतो.

येथे एक गोष्ट माझ्या बाजूच्या लोकांनाही स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे. पेपराच्या आदल्या दिवशी घोषणा देत विद्यापीठाच्या दारात जमणे आणि भावना दुखावल्याचे सांगून तारीख बदलण्याचा हट्ट धरणे, हा या कार्याचा घात आहे. त्यातून तारीख बदललीच तरी ती दडपणाने बदलते, ज्यांच्या पाठीशी दडपण आणणारे नाहीत त्यांचा सण पुढच्या वेळी पुन्हा तुडविला जातो, आणि दूरच्या वाडीवरून पहाटे निघून केंद्रावर आलेल्या विद्यार्थ्याला तेथे पोचल्यावर पेपर रद्द झाल्याचे कळते. दडपणाने मिळालेली सवलत फक्त बलवानांना मिळते. नियमाने मिळालेली सवलत एकट्या विद्यार्थिनीलाही मिळते.

राहिला चौथा आक्षेप : विद्येची आस्था असेल तर सण बाजूला ठेवावा. या आक्षेपाचे एक पुरोगामी रूपही आहे. ओवशासारखे विधी स्त्रियांना बंधनात ठेवतात, विद्यापीठाने त्यांना मान देऊन ती बंधने घट्ट करू नयेत, असे म्हणणाऱ्यांचा हेतू मला आदरणीय वाटतो. परंतु त्यांनी त्या घरातील सत्तेचा विचार केलेला नसतो. सण की पेपर हा निर्णय त्या मुलीच्या हाती आहे असे ते गृहीत धरतात. आणि लग्नाला वर्षही न झालेल्या सुनेच्या हाती तो नसतो. गौरीच्या दिवशी तिला घराबाहेर पडू द्यावयाचे की नाही हे सासू-सासरे ठरवितात, आणि पेपर की ओवसा अशी निवड त्यांच्यापुढे आली तर पेपर हरतो. मग विषय राहतो, वर्ष जाते, पदवी अर्धवट राहते, आणि पुढच्या वर्षी मूल कडेवर असल्यामुळे परीक्षेचा अर्जच भरला जात नाही. विद्यापीठाने तारीख न बदलून जो विधी मोडावयाचा तो मोडला जात नाही. मोडते ते शिक्षण. ज्यांना या मुलींनी बंधनांतून मुक्त व्हावे असे मनापासून वाटते त्यांनी तर त्यांच्या हाती पदवी पडेल असा मार्ग मोकळा केला पाहिजे, कारण त्या बंधनांविषयी स्वतःचा निर्णय स्वतः घेण्याचे बळ त्यांना त्या पदवीतूनच येणार आहे.

त्याग ही मोठी गोष्ट आहे, परंतु तो कोणाकडून मागितला जातो हे पाहिले पाहिजे. ज्यांचा सण यादीत आहे त्यांच्याकडून विद्यापीठ त्याग मागत नाही. त्यांना विद्येची आस्था सिद्ध करण्याची परीक्षा द्यावी लागत नाही. ती परीक्षा फक्त त्यांच्याच वाट्याला येते ज्यांचा आचार यादीच्या बाहेर आहे, ज्यांचे गाव केंद्रापासून दूर आहे, ज्यांच्या घरात निर्णय दुसरे घेतात. ज्ञानाची कसोटी सर्वांना सारखी असावी हे परीक्षेचे मूळ तत्त्व आहे. आणि विषयाच्या ज्ञानाशी काडीमात्र संबंध नसलेली एक जादा कसोटी काहींवर लादणे हा त्याच तत्त्वाचा भंग आहे.

सबब माझी मागणी मोठी नाही. वेळापत्रकाचा मसुदा अंतिम होण्यापूर्वी कार्यक्षेत्रातील प्रत्येक जिल्ह्यातील स्थानिक सुट्ट्या आणि प्रमुख आचारांचे दिवस त्या त्या जिल्ह्यातील महाविद्यालयांकडून मागवावेत. मसुद्यावर हरकती घेण्यास निश्चित मुदत द्यावी. मुदतीत आलेल्या प्रत्येक हरकतीला सकारण लेखी उत्तर द्यावे, मग ते नकाराचे का असेना. आणि जेथे सर्वांची तारीख बदलणे अन्यायाचे होईल तेथे अडचणीतील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र परीक्षेची सोय ठेवावी. यात सणांपुढे विद्यापीठाने नमते घ्यावे असे काहीही नाही, आणि एका धर्माला दुसऱ्याहून वरचे स्थान देणारेही काही नाही. नकार देण्याचा अधिकार विद्यापीठाकडे राहतोच. परंतु कारण न देता नकार देण्याचा अधिकार त्याने स्वतःकडे ठेवू नये. वेळेवर, पुराव्यासह आणि पर्यायांसह अर्ज करणाऱ्या विद्यार्थिनीने आपल्या वाट्याचे कर्तव्य पुरे केलेले असते. त्यापुढचे कर्तव्य विद्यापीठाचे आहे.